कॅमेऱ्यातला फोटो व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा कसा पाठवायचा

कासचा हंगाम सुरू झाला की साताऱ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. नवा कॅमेरा घेऊन पठारावर गेलेला माणूस म्हणतो, "कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसत होता, ग्रुपवर टाकला आणि पार पुसट झाला." मग लेन्सला शिव्या, कॅमेऱ्याला शिव्या. बहुतेक वेळा या दोघांची काही चूक नसते. फोटो कार्डातून निघून समोरच्याच्या फोनपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी लहान होतो, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.

हे एका उदाहरणावरून सांगतो. माझ्या भाच्याने कासला दवबिंदूचा फोटो काढला. दवबिंदू म्हणजे ती कीटक खाणारी बारकी वनस्पती, पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो ती. कार्डावर त्या फाइलचं नाव होतं DSC_0412.JPG. त्याच्या कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडमना तो फोटो ओळख पटवायला आणि नंतर प्रदर्शनात लावायला 12 बाय 18 इंचांत हवा होता. त्याने नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर पाठवला, मॅडमनी तोच प्रिंटच्या दुकानात पुढे पाठवला. दुकानदाराने फाइल उघडली आणि म्हणाला, "मॅडम, हा व्हॉट्सॲपवरून आलेला दिसतोय. कार्डातला ओरिजिनल मागवा, यात काय थेंब येत नाहीत."

त्याने न विचारता हे ओळखलं कसं, ते पुढे येईलच. आधी नेमकं बिघडतं काय ते बघू.

काय लागेल

- कॅमेऱ्याचं एसडी कार्ड.
- कार्ड रीडर. अँड्रॉइड फोन असेल तर टाइप-सी पिनचा ओटीजी रीडर घ्या. पोवई नाक्याकडच्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत साधा रीडर पाचशेच्या आत मिळून जातो. आयफोन 15 किंवा त्यापुढचा असेल तर हाच टाइप-सी रीडर चालतो. जुन्या आयफोनला लाइटनिंग पिनचा वेगळा घ्यावा लागतो.
- फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर एखाद-दोन जीबी मोकळी जागा.
- शक्यतो घरचं वायफाय. पठारावरून पाठवायच्या फंदात पडू नका. रेंजचा भरवसा नाही, आणि दमट हवेत, पावसाच्या भुरभुरीत कार्डाचं झाकण उघडणंही बरं नाही.

1. आधी आकडे बघा, म्हणजे पुढचं सगळं समजेल

भाच्याचा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे एक फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा, आणि फाइल साधारण 11 एमबीची. व्हॉट्सॲपवर गॅलरीतून साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते आणि फाइल काही शे केबीची होते. पिक्सेलच्या हिशोबात चौदातले तेरा भाग गेले.

मोबाइलच्या पडद्यावर हे फारसं जाणवत नाही. निसर्गदृश्य असेल, घाटातलं धुकं असेल, तर चालूनही जातं. पण दवबिंदूच्या केसाच्या टोकावरचा थेंब मूळ फोटोत 30 पिक्सेल रुंद असेल, तर पाठवलेल्या फोटोत तो 8 पिक्सेलचा उरतो. वर फाइल लहान करताना बारीक रेषाही सपाट केल्या जातात. मग थेंब जाऊन नुसता गुलाबी डाग दिसतो.

प्रिंटचंही तसंच. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 पिक्सेल धरतात. 18 इंच लांबीला मूळ फाइलमधून इंचाला 333 पिक्सेल मिळतात, म्हणजे हवेत त्याहून जास्तच. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून मिळतात 89.

मग एचडी पर्याय का नाही वापरायचा? वापरा की, पण तो काय देतो ते माहीत असू द्या. एचडीमध्ये लांब बाजू साधारण चार हजार पिक्सेलपर्यंत राहू शकते, त्यामुळे घरात लावायच्या प्रिंटला तो बऱ्यापैकी चालतो. पण तीही दाबून लहान केलेली फाइल असते, मूळ नव्हे. फोटोतला एक तुकडा कापून मोठा करायचा असेल, फुलाचा परागकोश बघायचा असेल, तर मूळच फाइल हवी.

2. कार्ड काढताना

कॅमेरा बंद करा. कार्डाच्या झाकणाजवळचा लहान दिवा लुकलुकत असेल तर थांबा, कॅमेरा अजून फोटो लिहितोय. दिवा विझला की कार्ड हलकेच आत दाबून सोडा, ते वर येतं.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला लॉकचा बारीक खटका असतो. तो खाली सरकवलात तर कार्डावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही, फक्त वाचता येतं. नवख्या माणसाने फोटो उतरवताना तो खाली करून ठेवावा, म्हणजे चुकून काही डिलीट व्हायची भीती नाही. फक्त कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना खटका वर करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर कॅमेरा "कार्ड लॉक आहे" म्हणून फोटोच काढणार नाही.

3. कार्ड फोनला जोडा

रीडर लावला आणि काहीच झालं नाही, तर रीडर खराब आहे असं लगेच धरू नका. काही फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ओटीजी मुद्दाम चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही की ते आपोआप बंदही होतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत OTG टाइप करा, सापडेल.

दुसरं कारण कार्डाच्या आकाराचं. 32 जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, तिचं नाव exFAT. जुन्या काही फोनना ती वाचता येत नाही. अशा वेळी फोन "कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का?" असं विचारतो. इथे हो म्हणू नका. कार्डाला काही झालेलं नसतं, फोनला ते कळत नाही एवढंच. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा.

कार्ड उघडलं की DCIM नावाचा फोल्डर दिसेल. त्यात 100 पासून सुरू होणाऱ्या नावाचा आणखी एक फोल्डर, आणि त्यात फोटो. बाकीच्या फोल्डरांत कॅमेऱ्याची स्वतःची नोंद असते, तिकडे फिरकू नका.

4. कॉपी करा, मूव्ह नको

फाइल मॅनेजरमध्ये हवे ते फोटो निवडून फोनमधल्या एखाद्या नव्या फोल्डरात कॉपी करा. मूव्ह केलं की कार्डावरचा फोटो जातो, आणि मध्येच रीडर हलला तर तो इथलाही राहत नाही, तिथलाही. लॉकचा खटका खाली असेल तर मूव्ह होणारच नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

थेट कार्डावरूनही व्हॉट्सॲपवर पाठवता येतं. पण दहा-अकरा एमबीची फाइल चढायला वेळ लागतो, तेवढ्यात फोन उचलून कानाला लावला की रीडर सैल होतो आणि पाठवणं अर्धवट राहतं. आधी फोनमध्ये घ्या, रीडर काढा, मग निवांत पाठवा. रीडर काढायच्या आधी वरच्या सूचनेतून इजेक्ट करा.

इथे एक गोष्ट बघून घ्या. एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात का, जसं DSC_0412.JPG आणि DSC_0412.NEF? दुसरी म्हणजे रॉ फाइल. कॅमेऱ्याच्या कंपनीप्रमाणे तिचं शेपूट बदलतं: CR2, CR3, ARW वगैरे. ती आकाराने दुप्पट-तिप्पट असते आणि बहुतेकांच्या फोनमध्ये नीट उघडत नाही. समोरच्याने मुद्दाम मागितली नसेल तर जेपीजीच पाठवा. तुमच्या कार्डावर फक्त रॉ फाइली असतील, तर बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूतच तिच्यापासून जेपीजी बनवायची सोय असते. पुढच्या वेळेसाठी रॉ अधिक जेपीजी अशी सेटिंग करून ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

आणि फाइलचं नाव _DSC0412.JPG असं आधी अधोरेघ लावून आलं असेल, तर कॅमेऱ्यात रंगांची सेटिंग Adobe RGB झालेली आहे. फोनवर असे फोटो कधीकधी फिके दिसतात. पाठवण्यात काही चुकलेलं नसतं. मेनूत जाऊन sRGB करून टाका.

5. वायफायने फोनमध्ये घेणार असाल तर

हल्लीचे कॅमेरे कार्ड न काढताही फोटो फोनमध्ये पाठवतात. निकॉनला SnapBridge, कॅननला Camera Connect, सोनीलाही त्यांचं ॲप आहे. सोय छान आहे, पण मोठ्या फोटोंसाठी मला रीडरच बरा वाटतो, आणि त्याला कारण आहे. SnapBridge आपोआप जे फोटो फोनमध्ये आणतं ते फक्त 2 मेगापिक्सेलचे असतात. म्हणजे व्हॉट्सॲपपर्यंत पोचायच्या आधीच फोटो लहान झाला! मूळ आकारातला हवा असेल तर ॲपमध्ये फोटो स्वतः निवडून, मूळ आकार हा पर्याय ठेवून उतरवावा लागतो. Camera Connect मध्येही मूळ आणि लहान असे पर्याय आहेत, कुठला निवडलाय ते बघा.

ओळखायची खूण सोपी आहे. गॅलरीत फोटो उघडून तपशील बघा. 6000 बाय 4000 दिसायला हवं. त्याऐवजी दीड-दोन हजारांच्या आसपासचा आकडा दिसला, तर लहान कॉपी आलेली आहे.

6. आता पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून

सगळी मेख इथे आहे. चॅट उघडा, जोडणीची पिन दाबा. समोर गॅलरी आणि डॉक्युमेंट असे दोन्ही पर्याय येतात. हात सवयीने गॅलरीवर जातो. डॉक्युमेंट निवडा. त्यातून फोल्डर उघडून फाइल निवडता येते, किंवा डॉक्युमेंटच्याच आत गॅलरीतून निवडायची सोय दिसते. दोन्ही चालतात. अट एकच, शिरायचं डॉक्युमेंटमधून.

बरोबर झालं असेल तर पाठवायच्या आधीच फाइलचं नाव आणि आकार दिसतो: DSC_0412.JPG, 11 एमबी. मोठ्ठा फोटो पडद्यावर येऊन खाली "कॅप्शन लिहा" आणि वर कात्री-पेन्सिलीची चिन्हं आली, तर तुम्ही फोटोच्या वाटेने गेलात. मागे या.

कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब वापरत असाल तर फाइल माऊसने ओढून चॅटवर टाकायचा मोह होतो. तसं केलं की ती सहसा फोटो म्हणूनच जाते. त्याऐवजी अधिकच्या चिन्हावर दाबून Document निवडा. टेलिग्रामवरही हाच नियम: फोनवर File मधून पाठवा, आणि कॉम्प्युटरवर पाठवायच्या खिडकीत फोटो दाबायची जी खूण असते ती काढून टाका.

मर्यादेची काळजी नको. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट 2 जीबीपर्यंतचं जातं, टेलिग्रामवरही साधारण तेवढंच.

7. एकावेळी किती?

भाच्याने मॅडमसाठी 36 फोटो निवडले होते. प्रत्येकी 11 एमबी धरले तर चारशे एमबी होतात. अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो हे लोक विसरतात. वेगमापकात 4 एमबीपीएस दिसतं म्हणजे सेकंदाला 4 एमबी नव्हे, अर्धा एमबी. त्या हिशोबाने चारशे एमबीला तेरा-चौदा मिनिटं लागतात, मध्ये काही तुटलं नाही तर. रोज दीड जीबीच्या पॅकवर असाल तर चारशे एमबी बसतात, पण 36 रॉ फाइली पाठवल्या असत्या तर निम्म्याहून जास्त डेटा त्यातच गेला असता.

दहा-दहाच्या खेपेने पाठवा. पडदा चालू आणि व्हॉट्सॲप समोर ठेवा. काही फोन बॅटरी वाचवायला मागे गेलेलं ॲप झोपवतात आणि अपलोड तिथेच अडकतं.

कॉम्प्युटरवरून पाठवत असाल तर सगळे फोटो एका फोल्डरात घालून झिप करणं सोयीचं. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवं बटण दाबलं की झिप करायचा पर्याय मिळतो. झिप केल्याने आकार कमी होईल ही आशा ठेवू नका, जेपीजी आधीच दाबलेली असते. फायदा वेगळा आहे. झिप चुकूनही फोटो म्हणून जाऊ शकत नाही, आणि 36 फोटोंतला एखादा गळाला असं होत नाही. मात्र समोरचा माणूस फक्त फोन वापरत असेल तर झिप उघडताना तो गोंधळतो. वडीलधाऱ्यांना सुटे फोटोच पाठवा.

सोबत नावांची यादी एका मेसेजमध्ये टाका. मॅडमना पाठवलेली अशी होती:

```
DSC_0412 दवबिंदू
DSC_0418 सीतेची आसवे
DSC_0431 वायतुरा
```

डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलचं नाव बदलत नाही, म्हणून ही यादी उपयोगी पडते.

8. पोचल्यावर तपासा

आता त्या दुकानदाराकडे येऊ. त्याने फाइलचं नाव वाचलं होतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधून फोटो म्हणून आलेली फाइल IMG-20240915-WA0007.jpg अशा नावाने साठवली जाते: तारीख, मग WA आणि आकडा. हे नाव दिसलं की मूळ फाइल नाही, हे न उघडताही कळतं. DSC किंवा IMG_ आणि चार आकडे असं कॅमेऱ्याचं नाव असेल तर फाइल बहुधा मूळची आहे. तरी आकार बघा. एमबीत असेल तर ठीक, केबीत असेल तर वाटेत कोणीतरी फोटो म्हणून पाठवली आहे.

समोरच्याकडून दोन गोष्टींबद्दल फोन येतो, त्याची तयारी ठेवा. पहिला, "गॅलरीत दिसत नाही गं." डॉक्युमेंट म्हणून आलेले फोटो सहसा गॅलरीत न येता व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंटच्या फोल्डरात पडतात. फाइल मॅनेजरमध्ये WhatsApp Documents शोधायला सांगा. दुसरा, "नुसतं नावच आलंय, फोटो नाही." मोबाइल डेटावर डॉक्युमेंट सहसा आपोआप उतरत नाही, बाणावर दाबून उतरवावं लागतं.

आणि त्यांना एक आवर्जून सांगा: प्रिंटवाल्याला पाठवताना त्याच मेसेजवर बोट दाबून फॉरवर्ड करा. तेव्हा ते डॉक्युमेंटच राहतं. उघडून स्क्रीनशॉट काढला किंवा गॅलरीतून पुन्हा पाठवला, की पहिल्यापासून केलेली सगळी खटपट वाया.

9. मूळ फाइलसोबत आणखी काय जातं

फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप फाइलमधली लपलेली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंटमध्ये ती तशीच राहते: कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर, वेळ, आणि असेल तर ठिकाणही. कॅमेऱ्यात जीपीएस नसलं तरी फोनच्या ॲपशी जोडलेला असेल तर ॲप ठिकाणाची नोंद घालू शकतं. मॅडमना ही माहिती हवीच होती, कुठे काढला ते नोंदवायला. पण दुर्मीळ फुलाचा फोटो मोठ्या ग्रुपवर टाकताना मी मुद्दाम साधा फोटो म्हणून टाकतो. नेमकी जागा कळली की दुसऱ्या रविवारी तिथे पाय पडलेले असतात. घरातल्या लहान मुलांच्या फोटोंनाही हेच लागू.

10. कार्ड कधी रिकामं करायचं

समोरच्याने फाइल उतरवून, उघडून, आकार सांगितल्यावर. दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज बघितला, फाइल उतरवलीच असं नव्हे. त्याशिवाय फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर असू द्या. चॅटमधला फोटो हा साठा धरू नका, फोन बदलला की तो हमखास गळतो.

मग लॉकचा खटका वर करा, कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून एकेक फोटो पुसत बसू नका. कॅमेरा त्याला हवे तसे फोल्डर स्वतः मांडून घेतो, आणि पुढच्या खेपेला कार्ड वाचताना कुरकुर करत नाही.